आधी सॉफ्टवेअर घ्या, मग काम देतो

आजचा विषय घरी बसून स्वतंत्रपणे काम करणाऱ्यांचा आहे. डिझायनर, प्रोग्रामर, लेखनिक, अनुवादक अशी बरीच मंडळी त्यात येतात. मी स्वतः अनुवादाच्या व्यवसायातला, त्यामुळे बोलणार आहे ते मुख्यतः अनुवादकांबद्दल. इतरांनी आपापल्या कामाशी ताडून पाहावं.

माझ्या ओळखीच्या एका अनुवादिकेला मध्यंतरी एक मेल आला. तिच्या परवानगीने सांगतोय, नाव मात्र सांगत नाही. मेलखाली युरोपातल्या एका खऱ्या, नावाजलेल्या अनुवाद-एजन्सीचं नाव होतं. काम होतं वैद्यकीय उपकरणांच्या माहितीपुस्तिकांचं, इंग्रजीतून मराठीत, एकूण 60,000 शब्द. दर शब्दाला पाच रुपये, म्हणजे तीन लाखांचं काम. आपल्याकडच्या एजन्सी या भाषाजोडीला शब्दामागे एक-दोन रुपयांच्या आसपास देतात. मुदतही सैल, सहा आठवडे. घासाघीस नाही, घाई नाही, भाषा अतिशय अदबीची. 250 शब्दांची चाचणी झाली आणि अर्ध्या तासात निकाल आला: उत्तम, निवड झाली. मग करारपत्र आलं. आणि त्यानंतर एक साधीशी अट आली. आमच्या ग्राहकाला अमुकच सॉफ्टवेअर चालतं, त्याचा परवाना 18,500 रुपयांना आमच्या अधिकृत विक्रेत्याकडून घ्या, पहिल्या हप्त्यासोबत ही रक्कम तुम्हाला परत मिळेल.

लोक म्हणतात, एवढा मोठा दर बघून तिला शंका यायला हवी होती. मला वाटतं, इथे जरा थांबून हिशेब बघायला हवा. दीड रुपयाच्या दराने हेच काम 90,000 रुपयांचं झालं असतं आणि 18,500 हा त्याचा पाचवा हिस्सा आहे. तेवढे पैसे आधी घालायला कोणीही दहा वेळा विचार करेल. तीन लाखांपुढे तीच रक्कम सहा टक्क्यांवर येते, आणि तीही परत मिळणारी. म्हणजे हा औदार्याचा दर म्हणजे मागणी छोटी दिसावी म्हणून लावलेली मोजपट्टी आहे. सैल मुदतीचंही तेच. घाई केली की माणूस सावध होतो, हे समोरच्याला ठाऊक असतं. चाचणी आणि करारपत्र यांचंही काम ठरलेलं आहे. आपण कष्ट करून निवडले गेलो असं एकदा मनाने घेतलं, की पुढची अट ही खरेदी वाटत नाही, रुजू होण्याच्या औपचारिकतेतली शेवटची पायरी वाटते. माझी ही परिचित बाई हुशार आहे, वर्षानुवर्षं या कामात आहे. फसणारे भोळे असतात, हा समज मला अन्यायकारक वाटतो.

आता सॉफ्टवेअरबद्दल. हा सापळा अनुवादकांना लागू पडतो, कारण त्यात अर्धं सत्य आहे. अनुवादक ज्याला ‘कॅट टूल’ म्हणतात ते सॉफ्टवेअर मजकुराची वाक्यावाक्याने फोड करतं, तुमचा आधीचा अनुवाद स्मृतीत ठेवतं आणि तेच किंवा तसंच वाक्य पुन्हा आलं की समोर आणून ठेवतं. ट्राडोस, मेमोक्यू, वर्डफास्ट ही त्यातली विकत मिळणारी नावं. ओमेगाटी फुकट मिळतं. खऱ्या एजन्सी खरोखरच ‘ट्राडोस आहे का?’ असं विचारतात. म्हणून नुसत्या प्रश्नावरून काहीच ठरत नाही.

ठरतं ते पुढच्या दोन गोष्टींवरून. पहिली म्हणजे, एजन्सीला खरी गरज फाइलची असते, तुमच्या पावतीची नव्हे. या व्यवसायात एक्सलिफ नावाचा खुला फाइल-प्रकार सर्वमान्य आहे. ट्राडोसची .sdlxliff फाइल मेमोक्यूमध्ये उघडते, तिथे अनुवाद करून परतही देता येते. एजन्सीचा आग्रह खरोखरच एका सॉफ्टवेअरचा असेल, तर बहुतेकदा ती सोयही तीच करते. मेमोक्यूचा सर्व्हर चालवणारी एजन्सी आपल्याकडचा परवाना कामापुरता अनुवादकाला वापरायला देऊ शकते. फ्रेजसारख्या ऑनलाइन व्यवस्थेत एजन्सी तुम्हाला आमंत्रण पाठवते आणि तुम्ही पैसे न भरता त्यांच्या खात्यातलं काम करता. दुसरी गोष्ट विक्रेत्याची. सॉफ्टवेअर हवंच असेल, तर ते बनवणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर मिळतं. मी ते कुठून घेतलं याच्याशी प्रामाणिक एजन्सीला कर्तव्य नसतं.

म्हणून अशा मेलला उत्तर देताना मी तीन वाक्यं लिहायला सांगतो. माझ्याकडे मेमोक्यू आहे, नमुन्याची एक फाइल पाठवा, उघडते का पाहतो. तुमचंच सॉफ्टवेअर लागणार असेल तर मूळ कंपनीकडून घेईन. आणि परवान्याची रक्कम तुम्ही परत देणारच आहात, तर ती आधी द्या. खरी एजन्सी यातल्या एखाद्या गोष्टीला नकार देईलही, पण पहिल्या वाक्यापाशी तिचा माणूस फाइल पाठवेल, कारण त्याला काम पुढे न्यायचं आहे. समोर ठग असेल, तर तिन्ही वाक्यांचं उत्तर एकच येतं: ग्राहकाचं धोरण आहे, आमच्याच विक्रेत्याकडून घ्या. त्याच्याकडे पाठवायला फाइलच नसते.

आमच्या या बाईंनी मेमोक्यू असल्याचं कळवलं होतं आणि उत्तर नेमकं हेच आलं होतं. आणखी काही खुणा होत्या. मेलच्या पत्त्यात एजन्सीच्या नावापुढे एक जास्तीचा शब्द चिकटवलेला होता. ते डोमेन कधी नोंदवलं गेलं हे ‘हूइज’वर कोणालाही फुकट पाहता येतं, जुन्या एजन्सीच्या नावाचं डोमेन दोन महिन्यांपूर्वीचं निघालं, तर पुढे बोलायचं कारण उरत नाही. चाचणी रविवारी रात्री दिली आणि अर्ध्या तासात तपासून आली, पण तपासलेल्या फाइलवर एकही दुरुस्ती नव्हती. ज्यांनी कुणा मराठी संपादकाकडून मजकूर तपासून घेतला आहे, त्यांना ठाऊक आहे की असं होत नाही. पैसे भरायचे होते यूपीआयने, एका व्यक्तीच्या नावावर. तिने भरले. परवान्याची किल्ली आली नाही, आला तो 7,200 रुपयांच्या ‘सक्रियता शुल्का’चा मेल. तिथे ती थांबली.

त्या संध्याकाळी तिने 1930 वर फोन केला. हा सायबर आर्थिक फसवणुकीसाठीचा राष्ट्रीय क्रमांक आहे, आणि cybercrime.gov.in वर लेखी तक्रारही करता येते. फोन करताना व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, वेळ आणि ज्याला पैसे गेले तो यूपीआय पत्ता हाताशी ठेवा. तक्रार नोंदली की संबंधित बँकांना सूचना जाते आणि त्या खात्यात जे पैसे अजून शिल्लक असतील ते रोखून धरता येतात. पुढे निघून गेलेले पैसे हाती लागणं कठीण. म्हणून एजन्सीला जाब विचारणारे मेल लिहिण्यात रात्र घालवू नका, आधी फोन करा. तिच्या रकमेतला काही भाग असा रोखला गेला, बाकीचा तोवर दुसरीकडे गेला होता.

तुमच्यापैकी अनेकांची मुलं अमेरिकेत आहेत. तिथे याच सापळ्याचं रूप उलटं दिसतं. ग्राहक आधी चेक पाठवतो, त्यातून अमुक विक्रेत्याकडून सॉफ्टवेअर घे म्हणतो. तिथल्या नियमांनुसार चेक पूर्ण वटण्याआधीच बँकेला रक्कम थोड्या दिवसांत खात्यात वापरायला द्यावी लागते. पैसे दिसतात, मुलगा विक्रेत्याला पाठवतो, आणि काही आठवड्यांनी चेक खोटा निघाला की बँक पूर्ण रक्कम त्याच्याकडून वसूल करते. पैसे आधी आले म्हणून निर्धास्त व्हायचं नाही, हे त्यांना जरूर सांगा.

आता फुकट चाचणीकडे वळतो. इथे प्रश्न अधिक नाजूक आहे, कारण चाचणी घेणं गैर नाही. माझा अनुवाद कसा आहे हे न पाहता कोणी मला 60,000 शब्द का द्यावेत? दोनशे-तीनशे शब्दांची विनामोबदला चाचणी या व्यवसायात रुळलेली आहे आणि मी स्वतः ती देत आलो आहे. खोट आहे ती चाचणीच्या नावाखाली काम करून घेण्यात. समजा 12,000 शब्दांची पुस्तिका आहे. तिचे तीनशे शब्दांचे 40 तुकडे केले आणि 40 उमेदवारांना एकेक दिला, की पुस्तिका फुकटात मराठीत आली. नंतर सगळ्यांना ‘यावेळी निवड झाली नाही’ असं कळवायचं.

हे ओळखायचं कसं? खरी चाचणी निवडून काढलेली असते. त्यात एखादं अवघड वाक्य, एखादी संदिग्ध संज्ञा मुद्दाम असते, आणि मजकूर स्वतःपुरता पूर्ण असतो. तुकडा मात्र 4.3.2 पासून सुरू होतो, ‘वर दाखवल्याप्रमाणे’ म्हणतो पण वर काहीच नसतं, आणि मध्येच तुटतो. दोन ओळखीच्या अनुवादकांना एकाच वेळी चाचणी आली आणि मजकूर वेगवेगळे निघाले, तर संशय आणखी बळावतो. म्हणून एकमेकांशी बोला. प्रोझ या अनुवादकांच्या संकेतस्थळावर ‘ब्लू बोर्ड’ नावाचा विभाग आहे, तिथे अनुवादक एजन्सींबद्दलचा अनुभव नोंदवतात, तोही पाहावा. अशा जोडलेल्या पुस्तिका मी वाचल्या आहेत. एका पानावर ‘झडप’, पुढच्यावर ‘व्हॉल्व्ह’, तिसऱ्यावर ‘वाल्व’. वैद्यकीय उपकरण चालवणारी परिचारिका ती पुस्तिका हातात घेऊन उभी असते, याचं मला फार वाईट वाटतं.

कायदा इथे आपल्या बाजूचा आहे, आणि हे आपल्या अनेक लोकांना ठाऊक नसतं. 1957च्या कॉपीराइट कायद्यानुसार अनुवाद ही स्वतंत्र साहित्यकृती ठरते. मूळ लेखकाचे हक्क अर्थात अबाधित राहतात. पण तुम्ही त्या एजन्सीचे नोकर नसाल, तर त्या अनुवादाचे पहिले मालक तुम्हीच, आणि तो हक्क लेखी, तुमच्या सहीच्या दस्तऐवजाशिवाय हस्तांतरित होत नाही. म्हणून चाचणीसोबत येणारं गोपनीयतेचं करारपत्र सही करण्याआधी पूर्ण वाचा. ‘सर्व हक्क एजन्सीकडे’ असं कलम त्यात दडलेलं असू शकतं. ते खोडून पाठवा आणि चाचणीच्या फाइलच्या तळाशी ही ओळ लिहा: ‘हा अनुवाद केवळ मूल्यमापनासाठी आहे, मोबदला आणि लेखी हस्तांतरण याशिवाय त्याचा वापर करता येणार नाही.’ मजकूर तीनशे शब्दांहून मोठा असेल, तर पहिले अडीचशे शब्द करून द्या आणि उरलेल्याचा दर कळवा. मी हे करत आलो आहे. प्रामाणिक एजन्सीने त्याबद्दल काम नाकारल्याचं मला आठवत नाही. बहुतेकींनी ‘अडीचशे पुरेत’ एवढंच लिहून पाठवलं.