फिल फॅक्टर: कर्व्हचा गुडघा काय सांगतो?

तर मंडळी, प्रॅक्टिकलमधलं छोटं पॅनल घेऊया. दिव्याचं अंतर कायम. टोकं शॉर्ट केली तर करंट ०.६ अँपिअर, उघडी ठेवली तर २१ व्होल्ट. पण दोन्हीकडे पॉवर शून्य! आता रिओस्टॅट हळूहळू फिरवा आणि प्रत्येक रीडिंगचा गुणाकार करा. १७ व्होल्ट, ०.५५ अँपिअरला सर्वांत जास्त, ९.३५ वॅट मिळतात. हाच कर्व्हच्या गुडघ्यावरचा मॅक्झिमम पॉवर पॉइंट. ९.३५ ला २१ गुणिले ०.६, म्हणजे १२.६ ने भागा: फिल फॅक्टर ०.७४.

समजा टोकांचे आकडे तेच आले, पण फिल फॅक्टर ०.६ वर घसरला, तर? २१ व्होल्टकडची उभी बाजू तिरकी पडलीय का बघा. तसं असेल तर आधी क्लिप तपासा. ढिल्या जोडाचा रेझिस्टन्स व्होल्टेज खातोय. व्होल्टमीटर थेट पॅनलच्या टर्मिनलला लावा, म्हणजे तारांचा दोष पॅनलच्या माथी येणार नाही.