संवादलेखनातील बोली



पेण-रोह्याकडे ‘मूर्तिकार व गिऱ्हाईक यांचा संवाद लिहा’ एवढाच प्रश्न घातला, की आगरी घरातील मूल ‘गारी’, ‘पानी’, ‘डोला’ असे लिहिते आणि आपण तांबडी रेघ ओढतो. वस्तुतः ‘गाडी’, ‘पाणी’, ‘डोळा’ यांची ती बोलीतील नित्याची रूपे होत. चूक प्रश्नाची आहे. नुसते ‘गावठी भाषेत लिहा’ म्हणूनही भागत नाही. मग मुले कोठली तरी नाटकी बोली रचतात. प्रश्न असा घालावा : ‘मूर्तिकाराचे बोलणे तुमच्या घरच्या बोलीत व मुंबईच्या गिऱ्हाइकाचे प्रमाण भाषेत लिहा.’ मग मूर्तिकाराच्या तोंडच्या ‘पानी’ला हात लावू नये, गिऱ्हाइकाच्या तोंडी ते आले, तर मात्र अवश्य दुरुस्त करावे.