एका वाहनाशेजारी दुसरे वाहन : रुग्णालयाच्या वाटेवरील एक मीटर

(न्यासाच्या वार्षिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



रुग्णालयाच्या कार्याचा वार्षिक आढावा आपणांसमोर यापूर्वीच ठेवण्यात आला आहे. आम्ही आज फाटकाबाहेरील रस्त्याविषयी बोलू इच्छितो. अगोदरच उभ्या असलेल्या वाहनाला लागून दुसरे वाहन उभे करण्याची सवय आपल्या जिल्ह्यात भंडारा, तुमसर, साकोली, पवनी अशा सर्वच गावांत दिसते. बाजारपेठेत तिच्यामुळे खोळंबा होतो, एवढ्यावर ते निभावते. रुग्णालयाच्या वाटेवर मात्र हिशेब वेगळा असतो, आणि तो हिशेब मीटरांत मांडला म्हणजे चटकन ध्यानी येतो.

दोन पदरी रस्त्याचा डांबरी पट्टा साधारणतः 7 मीटर रुंद असतो. मध्यम आकाराची मोटार पावणेदोन मीटरांच्या आसपास रुंद असते. कडेपासूनचे अंतर धरले तर ती 2 मीटर जागा अडविते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंस अशा मोटारी एकेरी रांगेत उभ्या असल्या, तरी मध्ये 3 मीटर उरतात. 108 क्रमांकावर येणारी रुग्णवाहिका सुमारे 2 मीटर रुंद असते. बाजूचे आरसे धरले तर अडीच मीटरांच्या आसपास. म्हणजे दोन्ही अंगांना जेमतेम वीतभर जागा ठेवून, चालत्या माणसाच्या वेगाने का होईना, ती आत येऊ शकते. आता एका मोटारीशेजारी तिसरी मोटार उभी राहिली की उरतो तो फक्त 1 मीटर. त्यातून सायकलस्वार जाईल, स्ट्रेचर कदाचित जाईल. रुग्णवाहिका जाणार नाही. तिसऱ्या वाहनाने रस्ता थोडा अरुंद केला असे आपण समजतो, प्रत्यक्षात त्याने तो बंदच केलेला असतो.

दुचाकीमुळे काही अडत नाही, हाही एक गोड गैरसमज आहे. दुचाकींची पहिली रांग रस्त्याकडे पाठ करून काटकोनात उभी राहिली की तीच सुमारे 2 मीटर घेते, म्हणजे मोटारीइतकीच जागा. तिच्या पाठीमागे आडव्या लावलेल्या गाड्यांची दुसरी रांग आणखी पाऊण मीटर खाते. मग 3 मीटरांचे सव्वादोन राहतात आणि आरशांसह अडीच मीटरांचे वाहन तेथे अडकते. शिवाय गाडीला हँडल लॉक असते. मोटार हलवायला चालक तरी शोधता येतो. कुलूपबंद दुचाकींची अख्खी रांग मात्र एकेक करून, मागचे चाक उचलून बाजूला करावी लागते. रोवणीच्या दिवसांत सर्पदंशाचे रुग्ण येतात, त्यांच्याबरोबर गावातील दहा-पंधरा मंडळी मोटारसायकलींनी धावत येतात आणि ही रांग घटकाभरात तयार होते. येणाऱ्यांच्या मनात माया असते. अडते ते पुढच्या रुग्णाचे.

वाट अडली तर रुग्णास स्ट्रेचरवरून उचलून आणावे, अंतर ते कितीसे, असे कोणी म्हणेल. रुग्णाचा पाय मोडला असेल तर ते ठीकच. परंतु हृदय बंद पडलेल्या रुग्णाची छाती दाबण्याचे काम अखंड चालावे लागते. गाडी उभी असताना ते नीट करता येते, खडबडीत रस्त्यावरून स्ट्रेचर ढकलताना ते जवळजवळ अशक्य होते. ज्या रुग्णास विद्युत झटक्याने हृदय पूर्ववत होण्याची शक्यता आहे, त्याच्या बाबतीत छातीदाब न मिळता जाणाऱ्या प्रत्येक मिनिटागणिक जगण्याची शक्यता 7 ते 10 टक्क्यांनी घटते, असे वैद्यकशास्त्र मानते. शंभर पावलांच्या वाटेवर दोन-तीन मिनिटे सहज जातात.

आणखी एक गोष्ट दाराशी घडते. रुग्णवाहिकेचे दार मागे उघडते. स्ट्रेचर पूर्ण बाहेर येऊन त्याची चाके जमिनीवर टेकण्यास आणि दोन माणसे उभी राहण्यास मागे सुमारे 3 मीटर मोकळी जागा लागते. आत्ताच एका रुग्णास उतरवून त्याच्या नातेवाइकांनी तेथेच सोडलेली जीप ही जागा नेमकी घेते. रुग्णवाहिका दारापर्यंत पोहोचते आणि तरीही रुग्ण आत अडकून राहतो.

अग्निशामक बंब याहून मोठा, सुमारे अडीच मीटर रुंद असतो. त्याची नळी, जोडण्या आणि साधने दोन्ही बाजूंच्या कप्प्यांत असतात. ते कप्पे उघडून जवानांना काम करता यावे, यासाठी त्याला 4 मीटरांपर्यंत वाट हवी. भंडारा जिल्ह्याला हा विषय परका नाही. 9 जानेवारी 2021 च्या पहाटे जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षास लागलेल्या आगीत दहा बालके दगावली. त्या दुर्घटनेचा वाहने उभी करण्याशी संबंध नव्हता, आणि तसे सूचितही करू नये. तथापि त्या रात्रीनंतर आपल्यापैकी कोणालाही धुरात एकेक मिनिट म्हणजे काय, हे निराळे सांगावे लागत नाही.

कायदा या बाबतीत मोघम नाही. 1989 च्या रस्तेविषयक नियमांतच, उभ्या वाहनाला लागून वाहन लावू नये आणि रुग्णालयाच्या प्रवेशद्वाराजवळ लावू नये, असे स्पष्ट लिहिले होते. 2017 मध्ये त्या नियमांची जागा नव्या विनियमांनी घेतली. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात 194-ई हे कलम आले. रुग्णवाहिकेस वा बंबास वाट न देणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही, अशी त्यात तरतूद आहे. परंतु हे कलम मुख्यतः वाहन चालवीत असलेल्याला लागू पडते. रिकाम्या उभ्या मोटारीला कलम 122 आणि 127 लागतात, आणि वाहन उचलून नेण्याचा अधिकार 127 खाली आहे. अडचण एवढीच की क्रेन येईपर्यंत रुग्ण थांबू शकत नाही. म्हणून कायद्यावर विसंबून राहणे आम्हांस पुरेसे वाटत नाही.

येथे विश्वस्त मंडळींसही एक गोष्ट आदरपूर्वक सांगावीशी वाटते. वाहने रस्त्यावर येतात, कारण पुष्कळदा आतील वाहनतळ दुसऱ्याच कामी लागलेला असतो. कोलकात्यातील एएमआरआय रुग्णालयात 9 डिसेंबर 2011 रोजी आग लागली ती तळघरात. ते तळघर वाहनतळ म्हणून मंजूर होते. तेथे ज्वलनशील सामान साठविलेले होते, आणि सुमारे नव्वद जणांनी प्राण गमावले. आवारात नवीन खोली बांधण्याचा प्रस्ताव येईल तेव्हा तेथे आज किती वाहने उभी राहतात, ती उद्या कोठे जातील, हा प्रश्न इतिवृत्तात नोंदविला जावा.

रुग्णांच्या नातेवाइकांस आमची विनंती आहे ती अशी. रुग्णास दाराशी उतरवा. सोबत एक जण आत जावा आणि चालकाने वाहनातून न उतरता ते लगेच तळावर न्यावे. चालक एकटाच असेल तर दारावरील सेवकास हाक मारा, रुग्णास तो सांभाळील. तळ भरलेला असल्यास दूर, पण पहिल्याच रांगेत जागा शोधा. नाइलाजाने कोणाच्या आड वाहन लावावेच लागले, तर चालकाने त्यातच बसून राहावे. काचेवर मोबाईल क्रमांक लावून आत जाणे हा उपाय अपुरा आहे. अतिदक्षता विभागात फोन बंद असतो, आणि ज्याची मोटार तुम्ही आतल्या बाजूस कोंडली आहे, त्याला कदाचित याच क्षणी आपल्या माणसाला 60 किलोमीटरवरील नागपुरास न्यावयाचे असेल.