कॉलनीला रोज किती पाणी लागतं?

समजा, हातकणंगले स्टेशनजवळ एक कॉलनी आहे.
साठ घरं.
घरटी पाच माणसं धरू.
म्हणजे माणसं झाली तीनशे.

आता माणशी पाणी किती?
भुयारी गटार असलेल्या शहरासाठी सरकारी मापदंड आहे, रोज 135 लिटर.
ग्रामीण भागात जलजीवन मिशन 55 लिटर धरतं.
आपण मधला आकडा घेऊ, शंभर लिटर.
हिशेबही तोंडी होतो!

तीनशे माणसं, माणशी शंभर लिटर.
झाले तीस हजार लिटर.
म्हणजे दहा हजार लिटरचे तीन टँकर, रोज.

लक्षात ठेवा: माणसं मोजा, आणि माणशी लिटरनं गुणा.
नुसती घरं मोजू नका.
एका घरात दोघं असतात, शेजारी आठ.
कुणाच्या दारात म्हैस असेल, तर तिचं पाणी वेगळं धरा.

हा अंदाज खरा का, ते कॉलनीची टाकीच सांगते.
टाकीत येणारं पाणी बंद करा.
काठी बुडवून पातळी बघा.
तासाभरानं पुन्हा बघा.
टाकी दहा फूट लांब, दहा फूट रुंद असेल,
तर पातळी एक फूट उतरली की अठ्ठावीसशे लिटर गेले.

हेच रात्री दोन वाजता करा.
सगळे झोपलेले, नळ बंद.
तरी पातळी उतरतेय?
मग ते पाणी माणसांच्या हिशेबातलं नाही.
एखादा फ्लश वाहतोय, किंवा जमिनीखाली पाइप फुटलाय.