सिस्टरबाईंचे पत्र

(तळवडे येथे पालकांच्या बैठकीत केलेले भाषण)



मागच्या आठवड्यात शाळेतून काही मुलांच्या हाती एक पत्र घरी आले. कुणी ते वाचले, कुणी दप्तरातच राहू दिले. एका बाईंनी ते पत्र आमच्याकडे आणले. त्या रडवेल्या झाल्या होत्या. म्हणाल्या, "गुरुजी, माझ्या पोराला काय रोग झालाय ते बघा हो." दुसरे एक गृहस्थ आले ते रागाने लाल होऊन. "आमचा पोरगा बुटका आहे हे सांगायला सरकारी कागद कशाला पाहिजे?" असे ते म्हणाले. पत्र एकच, पण एकाने भीती घेतली आणि दुसऱ्याने अपमान. म्हणून आज आम्ही ते पत्र तुमच्यापुढे वाचतो आणि त्यात काय म्हटले आहे ते सांगतो.

पत्र असे आहे:

"पालकांस नमस्कार. शाळेतील वार्षिक तपासणीत आपल्या पाल्याची उंची व वजन मोजले. आपल्या पाल्याची उंची त्याच्या वयाच्या मानाने तक्त्यातील खालच्या रेषेच्या खाली आली आहे. याचा अर्थ पाल्य आजारी आहे असा नाही. पुन्हा नीट मोजणे व डॉक्टरांनी एकदा पाहणे जरूर आहे. येताना जन्माचा दाखला, लसीकरणाचे कार्ड आणि मागे कधी उंची मोजली असल्यास तो कागद आणावा. शक्य तर आई व वडील दोघांनी यावे. — परिचारिका."

एवढेच पत्र आहे. आता एकेक गोष्ट पाहू.

ही तपासणी कुठली? 2013 साली राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्यात दोन डॉक्टर, एक औषधनिर्माता आणि एक परिचारिका असे पथक असते. ते अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळेत वर्षातून एकदा येते. डोळे, दात, कान, कातडी पाहतात, तशी उंचीही मोजतात. त्याला पैसे पडत नाहीत.

"खालची रेषा" म्हणजे काय? असे समजा की एकाच वयाची शंभर धडधाकट मुले आपण ओळीने उभी केली. सर्वांत ठेंगणा या टोकाला, सर्वांत उंच त्या टोकाला. ठेंगण्या टोकाची तीन मुले जिथे संपतात, तिथे ती रेषा. आता पाहा, ही शंभरही मुले धडधाकटच होती! म्हणजे कुठलाही आजार नसताना शंभरातली तीन मुले त्या रेषेखाली येणारच. पाच वर्षांच्या पुढच्या भारतीय मुलांचा असा तक्ता बालरोगतज्ज्ञांच्या भारतीय संघटनेने 2015 साली नवा केला. त्या कामात आपल्या पुण्याच्या डॉक्टरांचा मोठा हात होता. तेव्हा आपली मुले गोऱ्या साहेबाच्या मुलांशी ताडून पाहतात असे कुणी म्हणू नये.

पत्रात "पुन्हा नीट मोजणे" असे का लिहिले? कारण उंची मोजणे वाटते तितके सोपे नाही. मूल अनवाणी हवे. टाचा, कुल्ले, खांदे मागे भिंतीला टेकलेले हवेत आणि नजर समोर सरळ हवी. हनुवटी वर केली की माप चुकते. मुलींची वेणी किंवा अंबाडा डोक्यावर असेल तर तो सोडावा लागतो. शिवाय माणूस दिवसभर उभा राहून संध्याकाळपर्यंत सेंटीमीटरभर आखूड होतो, हे तुम्हाला ठाऊक होते का? पाठीच्या मणक्यांमधल्या मऊ चकत्या दबतात आणि रात्री झोपेत पुन्हा फुगतात. साठ-सत्तर मुले रांगेत, मागून ढकलाढकली, भिंतीला चिकटवलेली कागदी पट्टी; अशात दोन सेंटीमीटर इकडचे तिकडे सहज होतात.

दुसरी चूक वयाची. इथे आमच्यासारख्या जुन्या मास्तरांनी कान धरले पाहिजेत. पूर्वी पोर दाखल करायला आई-बाप येत. जन्मतारीख विचारली की म्हणत, "दिवाळीच्या सुमारास झालं बघा." आम्ही लिहीत, 1 जून! वर्गातल्या निम्म्या पोरांचा वाढदिवस एकाच दिवशी. आता जन्माच्या नोंदी होतात, तरी बाहेरगावाहून आलेल्या काही मुलांच्या तारखा अजून अंदाजाच्या असतात. आता दिवाळीत जन्मलेल्या मुलाचे वय त्याच वर्षीच्या 1 जूनपासून धरले, तर ते पाच-सहा महिन्यांनी जास्त धरले जाते. तेवढ्या काळात मूल सुमारे तीन सेंटीमीटर वाढते. म्हणजे तीन सेंटीमीटरची खोटी तूट कागदावर आली. म्हणून पत्रात जन्माचा दाखला मागितला आहे.

आता मुख्य मुद्दा. दोन मुले डोळ्यांपुढे आणा. एक मुलगा, एक मुलगी. दोघांना नऊ वर्षे पुरी झालेली आणि दोघांची उंची 115 सेंटीमीटर. दोघेही रेषेखाली. दोघांच्या घरी तेच पत्र गेले.

मुलाचे मागचे कागद काढले. सातव्या वर्षी 104, आठव्या वर्षी साडे-एकशेनऊ, नवव्या वर्षी 115. म्हणजे दरसाल साडेपाच सेंटीमीटर वाढ. चार वर्षांपासून वयात येईपर्यंत मूल वर्षाला पाच-सहा सेंटीमीटर वाढते. मग या मुलाची वाढ बरोबर चालली आहे. तो खाली आहे, पण चालतो आहे. मग आई-बापाची उंची पाहिली. बाप 158, आई 147. मुलाची अपेक्षित उंची काढायची तर दोघांची बेरीज करायची, त्यात 13 मिळवायचे आणि निम्मे करायचे. 158 आणि 147 मिळून 305; त्यात 13, झाले 318; निम्मे 159. मुलगी असेल तर 13 मिळवायचे नाहीत, वजा करायचे. येणारा आकडा अंदाजाचा असतो. सात-आठ सेंटीमीटर मागेपुढे होऊ शकते. तर हा मुलगा बापाएवढा होईल असे दिसते. दुसरी काही तक्रार नसेल, तर डॉक्टर त्याला सहा महिन्यांनी पुन्हा मोजतील. औषध नाही. आई-वडील दोघांना का बोलावले ते आता कळले असेल. सांगितलेली उंची चालत नाही. बापे माणसे दोन बोटे वाढवून सांगतात!

मात्र "आम्हीच ठेंगणे, मग पोर ठेंगणेच" असे म्हणून घरी बसू नये. बापाची उंचीच मुळी लहानपणच्या उपासमारीने किंवा दुखण्याने खुंटलेली असू शकते.

आता मुलगी. सातव्या वर्षी 111, आठव्या वर्षी 113, नवव्या वर्षी 115. दोन वर्षांत चार सेंटीमीटर! सातव्या वर्षी ती रेषेच्या वर होती. तेव्हा कुणी पत्र पाठवले नसते. ती हळूहळू रेषेखाली घसरली. उंची तीच, पण हिचे थांबत चालले आहे. शेजारची नोंद वजनाची. तिचे वजन मात्र वाढतेच आहे, अंगाने गोल झाली आहे. आईला विचारले तर सांगते, "पोरगी सुस्त झालीया, शौचाला कडक होतं, उन्हाळ्यातही पांघरूण मागते." ही सारी लक्षणे मानेतल्या थायरॉइड ग्रंथीचे काम मंदावल्याची असतात. रक्त तपासून ते समजते. तसे निघाले तर रोज सकाळी उपाशीपोटी एक छोटी गोळी असते. ती नेमाने घेतली तर पहिल्याच वर्षात मूल आठ-नऊ सेंटीमीटरही वाढते आणि मागचे बरेचसे भरून काढते.

वजन आणि उंची यांतून डॉक्टरांना असा माग लागतो. उंची थांबली आणि वजन वाढते आहे, तर ग्रंथींकडे पाहायचे. आधी वजन घसरले आणि मग उंची मंदावली, तर अन्न कमी पडते आहे, किंवा खाल्लेले अंगी लागत नाही, किंवा काही जुनाट दुखणे आहे. काही मुलांना गव्हाचा पदार्थच आतड्याला सोसत नाही. पोट फुगते, जुलाब होतात, रक्त कमी होते. अशा मुलाला पोळ्या जास्त चारून उलटाच परिणाम होतो.

मुलींच्या बाबतीत आणखी एक. काही मुलींत जन्मापासूनच पेशीतल्या एका धाग्याची उणीव असते. सुमारे अडीच हजार मुलींमागे एकीला. कधी ठेंगणेपणावाचून दुसरे काहीच दिसत नाही. अशा मुलीला उंचीसाठी इंजेक्शने असतात आणि हृदयाचीही तपासणी लागते. पण आपल्याकडे म्हणतात, "मुलगी आहे, ठेंगणी तर ठेंगणी." मुलाचे पत्र घेऊन बाप रजा काढतो आणि मुलीचे पत्र फडताळात जाते. हे आम्ही पाहिले आहे.

डॉक्टर कधी डाव्या हाताचा, मनगटाचा एक्स-रे काढतात. त्याला घाबरू नका. हाडांच्या टोकाशी मऊ कूर्चेच्या पट्ट्या असतात. हाड तिथून लांब होते. त्या कितपत भरल्या आहेत यावरून अजून किती वाढ उरली ते कळते. काही मुलांची हाडे वयाच्या मानाने मागे असतात. ती उशिरा वयात येतात आणि उशिरा उंच होतात. मुलींच्या या पट्ट्या साधारण चौदा ते सोळाव्या वर्षी बुजतात, मुलांच्या सोळा ते अठराव्या वर्षी. त्यानंतर कसलेही औषध, कसलीही पावडर उंची वाढवत नाही. "दहावी होऊ द्या, मग बघू" हे म्हणणे इथे महागात पडते. आणि उंची वाढवण्याच्या म्हणून ज्या पावडरी दुकानात मिळतात, त्यांनी थायरॉइडही सुधारत नाही आणि पट्ट्याही उघडत नाहीत.

आपल्या तळवड्याची एक अडचण आहे. 1997 साली गाव पिंपरी-चिंचवड महापालिकेत गेले, भोवती कारखाने झाले, आणि आता निम्म्या खोल्यांत लातूर, परभणी, बुलढाण्याची माणसे राहतात. पोर दर दोन वर्षांनी शाळा बदलते. मागची उंची मागच्या गावी राहते. मग सिस्टरबाईंच्या हाती एकच आकडा राहतो, आणि एका आकड्यावरून तो मुलगा कोण आणि ती मुलगी कोण हे ओळखता येत नाही. म्हणून शाळा सोडल्याच्या दाखल्याबरोबर उंची-वजनाची नोंदही मागून घ्या.

घरीही मोजता येते. दाराच्या चौकटीला, सपाट फरशीवर, पोराला अनवाणी उभे करा. डोक्यावर पुठ्ठ्याचे जाड पुस्तक आडवे धरा, एक बाजू चौकटीला चिकटवून. पुस्तकाखाली पेन्सिलीची रेघ, शेजारी तारीख. नेहमी सकाळीच मोजा. दर महिन्याला मोजू नका. महिन्याची वाढ अर्धा सेंटीमीटर आणि मोजण्यातली चूकही तेवढीच. सहा महिन्यांनी मोजा. दोन रेघांत अडीच-तीन सेंटीमीटर अंतर हवे. एकच सेंटीमीटर असेल, तर पत्राची वाट न पाहता दाखवा.

पत्र आलेल्यांनी ते घेऊन येत्या सोमवारी सकाळी शाळेत यावे. सिस्टरबाई पुन्हा मोजतील. गरज वाटली तर पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयातल्या बालरोग विभागाची चिठ्ठी देतील. ज्यांची रात्रपाळी असेल त्यांनी पाळी सुटल्यावर तसेच यावे, आम्ही दहापर्यंत तिथेच बसणार आहोत. आणि ते रागावलेले गृहस्थ मागे बसले आहेत, त्यांच्या मुलाच्या मागच्या दोन वर्षांच्या नोंदी आम्ही शाळेच्या कपाटातून काढून ठेवल्या आहेत.