तळणीचे तेल : इंधन की साबण?



कढईत वडे किंवा पुऱ्या तळल्या जात असताना त्यांतील पाण्याची वाफ तेलातून सतत जात असते. उष्णता व वाफ यांच्या संयोगाने तेलाच्या रेणूंची फोड होते आणि मेदाम्ले सुटी होतात. हवेतील प्राणवायूमुळे आणखीही निराळे पदार्थ तयार होतात. अशा सर्व ‘ध्रुवीय’ घटकांचे प्रमाण २५ टक्क्यांवर गेलेले तेल स्वयंपाकात वापरू नये, असा नियम १ जुलै २०१८ पासून भारतात लागू आहे. घरांतून आणि उपाहारगृहांतून गोळा केलेल्या या तेलाचे जैवडिझेल करावे की साबण, याचा निर्णय ती सुटी अम्लेच करतात.

अम्ले मोजण्याची रीत सोपी आहे. एक लिटर शुद्ध पाण्यात एक ग्रॅम कॉस्टिक सोडा विरघळवावा. दुसऱ्या भांड्यात एक मिलिलिटर तेल व दहा मिलिलिटर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन त्यात फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब टाकावेत. मग सोड्याचे पाणी थेंबाथेंबाने सोडावे. गुलाबी रंग टिकून राहिला की थांबावे.

समजा, घरगुती तेलाच्या पिंपाला असे दोन मिलिलिटर लागले. जैवडिझेलसाठी ताज्या तेलाला लिटरमागे साडेतीन ग्रॅम सोडा पुरतो. येथे अम्लांसाठी दोन ग्रॅम वाढवून साडेपाच ग्रॅम घ्यावा लागेल. म्हणजे वीस लिटर तेलास ११० ग्रॅम सोडा आणि चार लिटर मिथेनॉल. मात्र तेल आधी गाळून, तापवून पूर्ण कोरडे केलेले असावे. चमच्यात तापवलेले तेल तडतडले, तर त्यात पाणी आहे असे समजावे. मिथेनॉलची वाफ विषारी असते व तिची ज्वाला दिवसा जवळजवळ दिसत नाही. म्हणून हे काम बंद पात्रात, उघड्या विस्तवापासून दूरच करावे. सुमारे ५५ अंशांवर तासभर घुसळून स्थिर ठेवले की जड ग्लिसरीन तळाशी बसते. वरच्या थराचे तीन भाग सत्तावीस भाग मिथेनॉलमध्ये मिसळावेत. तळाशी तेल साचले, तर क्रिया अपुरी राहिली आहे.

आता फरसाणवाल्याच्या पिंपाला नऊ मिलिलिटर लागले असे धरू. येथे वाढीव सोडा अम्लांशी मिळून साबण तयार करील. हा साबण डिझेल आणि ग्लिसरीन यांना वेगळे होऊ देत नाही. धुताना सारे दह्यासारखे घट्ट होते. परंतु जो साबण तेथे विघ्न ठरतो, तोच येथे उद्दिष्ट करता येतो. एक किलो तेलास सुमारे १३० ग्रॅम सोडा व ३०० मिलिलिटर पाणी लागते. सोडा पाण्यात हळूहळू टाकावा. सोड्यावर पाणी कधीही ओतू नये. वड्या चार आठवडे वाळू द्याव्यात. तळणीचा वास थोडा राहतो, म्हणून हा साबण भांडी व कपडे यांसाठीच योग्य.

यावरून तेल गोळा करणाऱ्याने एक गोष्ट ध्यानी घ्यावी : प्रत्येक डबा तपासल्याविना मोठ्या पिंपात ओतू नये. चांगल्या तेलात आंबट तेल मिसळले, तर अम्ले साऱ्या पिंपात पसरतात आणि मग ती वेगळी काढण्याचा सोपा उपाय उरत नाही.