समुद्र कुणी रिकामा केला?

गॅरेट हार्डिन या अमेरिकी जीवशास्त्रज्ञाने १९६८ साली सामायिक गायरानाचा दृष्टांत मांडला. एक गुरू अधिक सोडले तर लाभ एकट्या धन्याचा, आणि गवताची हानी साऱ्या गावाची. म्हणून जो तो गुरे वाढवतो आणि गायरान उजाड होते. यातून वाट त्याला दोनच दिसल्या : खाजगी मालकी किंवा सरकारी नियमन. गुराखी एकत्र बसून चराईचे नियम करू शकतात, हे दृष्टांतात कुठेच नाही.

त्याच १९६८ साली कॅनडाच्या न्यूफाउंडलंड किनाऱ्यापलीकडे कॉड मासळीची विक्रमी लूट झाली : सुमारे आठ लाख टन. ती मुख्यतः युरोपातून आलेल्या अजस्र ट्रॉलरांची होती. हा समुद्र सामायिक नव्हता, बेवारस होता. १९७७ मध्ये कॅनडाने २०० सागरी मैलांचा टापू आपल्या अखत्यारीत घेतला आणि १९८२ पासून मोठ्या कंपन्यांना मासेमारीचे हिस्से नेमून दिले. म्हणजे हार्डिनचे दोन्ही उपाय एकाच ठिकाणी योजले गेले!

चूक झाली ती मोजणीत. शास्त्रज्ञांच्या अंदाजात ट्रॉलरला तासाला किती मासळी मिळते या आकड्याला मोठे वजन होते. पण ट्रॉलर ध्वनियंत्राने घोळका हुडकतो आणि तेथेच जाळे ओढतो. मासळी कमी झाली की उरलेली दाटीने एकवटते. त्यामुळे साठा आटत असतानाही ट्रॉलरचे जाळे भरतच राहते. किनाऱ्यावरील मच्छीमाराचे सापळा-जाळे मात्र एका जागी रोवलेले असते. उन्हाळ्यात मासळी आपणहून तेथे यावी लागते. ती येईनाशी झाली, आली तर लहान येऊ लागली. हे मच्छीमार १९८० च्या दशकात ओरडून सांगत होते. त्यांचे सांगणे पुरावा म्हणून धरले गेले नाही. (त्यांच्याही होड्या व जाळी वाढली होती आणि पाणी थंडावल्याचाही काही परिणाम झाला असावा, हे नाकारण्याचे कारण नाही.)

अखेर आकडे बदलले. १९८९ साठी शास्त्रज्ञांनी सव्वा लाख टनांची मर्यादा सुचविली. मंत्रिमहोदयांनी ठरविली २ लाख ३५ हजारांची. कंपन्यांचे कारखाने बंद पडून कामगार बेकार होतील, ही भीती त्यामागे होती. तीन वर्षांनी, २ जुलै १९९२ रोजी, संपूर्ण बंदी घालावी लागली आणि सुमारे ३० हजार माणसांचा रोजगार गेला. त्यात ट्रॉलर कधीही न पाहिलेली कुटुंबेही होती.

ही बंदी जून २०२४ मध्ये उठली. ठरलेली मर्यादा होती अवघी १८ हजार टन. त्यातही ट्रॉलरांना पुन्हा वाटा देण्यात आला, आणि किनाऱ्यावरील मच्छीमारांच्या संघटनेने त्याला विरोध केला.